पट्टीच्या तळाशी उरलेला उजेड

जून २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीगत छापली. एक २२ वर्षांची, दुसरी ४० वर्षांची. पहिलीला काही महिन्यांपासून रात्री अधूनमधून एका डोळ्याने नीट दिसत नसे. दुसरीला पहाटे जाग आली की एका डोळ्यापुढे अंधारी येई आणि ती १५ मिनिटांपर्यंत टिके. मेंदूचा एमआरआय झाला, हृदय तपासले, रक्त गोठण्याच्या चाचण्या झाल्या. कशातच काही सापडले नाही. शेवटी डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: हे होते त्याआधी तुम्ही नेमके काय करत असता? दोघींचे उत्तर एकच निघाले. अंधाऱ्या खोलीत कुशीवर पडून त्या फोन वाचत होत्या. एक डोळा उशीत दबलेला आणि दुसरा स्क्रीनवर.

डोळ्यांना काहीही झाले नव्हते. उशीतला डोळा अंधाराला सरावला होता आणि वाचणारा डोळा स्क्रीनच्या उजेडाला. फोन बाजूला ठेवून दोन्ही डोळ्यांनी खोलीकडे पाहिले की सरावलेल्या डोळ्याला कपाट, खिडकी, दार सगळे दिसे आणि दुसऱ्याला काहीच नाही. डॉ. गॉर्डन प्लांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या या टिपणाला त्यांनी ‘स्मार्टफोनचे तात्पुरते आंधळेपण’ अशा अर्थाचा मथळा दिला. त्यात भीती घालण्याचा हेतू नव्हता, उलट अशा रुग्णांच्या महागड्या तपासण्या टळाव्यात एवढाच होता.

अंथरुणात वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत रोज रात्री हाच बदल घडतो. दोन्ही डोळे उघडे असल्याने तो जाणवत नाही, इतकेच. दिवा मालवला की दिवसा रंग आणि बारीक तपशील पाहणाऱ्या शंकूपेशी साधारण १० मिनिटांत अंधाराला सरावतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पुरते सरावायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे दिवा मालवल्या मालवल्या फोनचा उजेड ठरवला तर तो हमखास चुकतो. तेव्हा जो उजेड अगदी बेताचा वाटतो, तोच १० मिनिटांनी डोळ्यांत खुपू लागतो. म्हणून ब्राइटनेस दोनदा ठरवायचा असतो: एकदा दिवा मालवताना आणि पुन्हा पाच-सात पाने वाचून झाल्यावर. पट्टी अजून खाली ओढावीशी वाटते ती या दुसऱ्या वेळी, आणि नेमकी तेव्हाच ती तळाला टेकलेली असते.

त्या तळाशी किती उजेड उरतो? स्क्रीनचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून समोरच्या दिशेने एका मेणबत्तीइतका प्रकाश येत असेल तर तो साधारण एक निट. भर उन्हात वाचता यावे म्हणून आजचे फोन हजार निटांच्याही वर जातात. खालच्या टोकाला मात्र बहुतेक फोन दोन निटांच्या आसपास थांबतात. ॲपलने २०२४ मध्ये आयफोन १६ आणला, तेव्हा त्याचा स्क्रीन एका निटापर्यंत उतरतो हे जाहिरातीत सांगितले. वरच्या टोकाच्या आकड्यांची चढाओढ वर्षानुवर्षे चालू असताना एखाद्या कंपनीने खालचा आकडा अभिमानाने सांगावा, ही रात्री वाचणाऱ्यांची पहिली मोठी दखल म्हणावी लागेल.

दोन निट म्हणजे डोळ्यापाशी किती, याचा हिशेब घरी कागदावर करता येतो. साडेसहा इंची फोनचा स्क्रीन साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि पावणेसात सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ जवळपास १०० चौरस सेंटिमीटर, अर्थात चौरस मीटरचा शंभरावा भाग. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला आणि पान पूर्ण पांढरे असले, तर निटांच्या आकड्याला क्षेत्रफळाने गुणायचे आणि मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागायचे. दोन निटांना उत्तर येते ०.२ लक्सच्या आसपास, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतके. तोच फोन १०० निटांवर ठेवला तर ११ लक्स. आणि १०० निटांवरच तो २० सेंटिमीटरवर आणला, जसा उताणे पडून हात दमल्यावर आपोआप येतो, तर २५ लक्स.

या आकड्यांमुळे झोपेबद्दलची एक मोठी चिंता योग्य आकाराची होते. पडद्यावर वाचल्याने झोप लांबते हे सांगताना ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, तो अ‍ॅन-मरी चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये केला आणि तो २०१५ च्या सुरुवातीला छापून आला. १२ जणांनी ओळीने पाच संध्याकाळी झोपण्यापूर्वी चार-चार तास आयपॅडवर वाचले आणि दुसऱ्या पाच संध्याकाळी छापील पुस्तक. आयपॅडच्या दिवसांत शरीरातले मेलाटोनिन दबले आणि झोप लागायला सरासरी १० मिनिटे जास्त लागली. पण आयपॅड पूर्ण ब्राइटनेसवर होता, खोली मंद होती आणि डोळ्यापाशी पोचणारा उजेड ३० लक्सच्या आसपास होता. पट्टी तळाला नेलेला फोन त्याच्या शंभराव्या भागाइतकाही उजेड देत नाही. २०२२ मध्ये टिमोथी ब्राउन आणि इतर प्रकाशतज्ज्ञांनी मिळून शिफारस केली, की झोपेआधीच्या तीन तासांत डोळ्यापाशी १० लक्सहून कमी उजेड असावा. त्यांचा लक्स निळसर प्रकाशाला जास्त वजन देऊन मोजलेला आहे, त्यामुळे वरच्या हिशेबाशी त्याची तुलना ढोबळच राहते. तरी चांदण्याएवढा उजेड त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतो हे निश्चित.

पिवळसर छटेचेही असेच आहे. आयफोनमधल्या Night Shift या सोयीचा झोपेवर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात १६७ तरुणांवर तपासले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: छटा चालू ठेवणाऱ्यांच्या आणि न ठेवणाऱ्यांच्या झोपेत लक्षणीय फरक नाही. छटा डोळ्यांना सुखाची वाटत असेल तर जरूर ठेवावी, पण तिच्या भरवशावर ब्राइटनेस चढा ठेवणे चूक आहे. आधी उजेड उतरवायचा, रंग त्यानंतर.

मग खरी अडचण कुठे आहे? ती झोपेपेक्षा वाचण्यातच आहे, आणि पट्टीच्या तळाशी फोन उजेड कमी कसा करतो यात तिचे मूळ आहे.

आजच्या मधल्या आणि वरच्या किमतीच्या बहुतेक फोनांत ओएलईडी पडदा असतो. त्यात मागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. उजेड कमी करायचा तर ठिपक्यांना मिळणारी वीज कमी करावी, हे ओघाने आलेच. पण वीज फार कमी झाली की शेजारशेजारचे ठिपके सारखे उजळत नाहीत. पान डागाळते, करड्या भागात हिरवट किंवा गुलाबी झाक येते. म्हणून बरेच उत्पादक वीज एका मर्यादेखाली उतरवतच नाहीत, तिथून पुढे ते पडदा उघडझाप करतात. नळ बारीक सोडण्याऐवजी तो पूर्ण सोडून पटापट चालू-बंद करावा, तसे हे काम चालते. बादलीत पाणी कमीच जमते, पण धार तुटक असते. अनेक फोनांत ही उघडझाप सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा होते. ब्राइटनेस जितका कमी, तितका प्रत्येक झापेतला अंधार लांब. म्हणजे वाचणारा सर्वांत मंद उजेडात असतो, तेव्हाच लुकलुक सर्वांत खोल असते.

डोळ्याला ती दिसत नाही. तरी काही जणांना तिचा त्रास होतो: कपाळ जड होणे, डोळ्यांमागे ठणका, ओळ सुटणे. सगळ्यांना होत नाही, हेही तितकेच खरे. ओळखण्याची खूण अशी की तोच फोन, तोच मजकूर दिवसा तासभर वाचला तरी काही होत नाही आणि रात्री पट्टी तळाला असताना १५-२० मिनिटांत डोके धरते. अशा वेळी दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून घ्यावा, त्याच्या कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा आणि आपल्या फोनच्या पांढऱ्या पानाकडे रोखावा. पानावर काळे जाड पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक खोल आहे. पट्टे फिके किंवा अगदी बारीक असतील तर त्रासाचे कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागेल. कॅमेरा नसला तर अंधारात पांढऱ्या पानासमोर पेन्सिल झपाझप हलवून पाहावी. सलग पुसट पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर उत्तर मिळाले.

दिव्यांच्या लुकलुकीबद्दल आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये एक मार्गदर्शक मानक काढले. त्याचे सूत्र असे, की लुकलुक जितकी वेगवान, तितकी ती खोल असली तरी चालते, आणि सेकंदाला ३,००० च्या पुढे गेली की खोलीवर बंधन उरत नाही. काही चिनी कंपन्या आपल्या फोनच्या जाहिरातीत ३८४० हा आकडा ठळक छापतात, त्यामागे हे मानक आहे. ॲपलने २०२५ च्या आयफोन १७ मध्ये ही उघडझाप बंद करण्याची सोय सेटिंगमध्येच दिली. स्वस्त फोनांतला एलसीडी पडदा मात्र वेगळा असतो. त्यात मागे दिवा असतो आणि तो सहसा वीज कमी करूनच मंदावतो. चारपाच वर्षांपूर्वीचा साधा फोन बदलून महाग फोन घेतला आणि रात्रीचे वाचन जड जाऊ लागले, असे कुणी सांगितले तर तो मनाचा खेळ समजून उडवून लावू नये.

ज्यांच्याकडे असा लुकलुकणारा फोन आधीच आहे, त्यांच्यासाठी एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ नंतरच्या बहुतेक फोनांत, Accessibility या विभागात Extra dim नावाची सोय मिळते. आयफोनमध्ये तेच काम Reduce White Point करते. तिचा रस्ता Settings, Accessibility, Display & Text Size असा. लोक या सोयी पट्टी तळाला नेल्यावर आणखी अंधार हवा म्हणून वापरतात, आणि त्यासाठी त्या उत्तमच आहेत. पण त्यांचे काम वेगळ्या जागी चालते. ब्राइटनेसची पट्टी पडद्याला हुकूम देते, तर या सोयी चित्रातला पांढरा रंगच करडा करतात. म्हणून दोन्हींचे प्रमाण उलटे करून पाहता येते: पट्टी तळाला न नेता अर्ध्याच्या आसपास ठेवायची आणि उजेड Extra dim ने हवा तितका उतरवायचा. पडद्याच्या दृष्टीने तो मध्यम ब्राइटनेसवर असतो, त्यामुळे अनेक फोनांत झापेतला अंधार आखूड होतो. वाचणाऱ्याला पान मात्र आधीइतकेच मंद दिसते.

हे प्रत्येक फोनवर सारखे चालत नाही, म्हणून आधी पट्टी तळाला ठेवून आणि मग हा बदल करून दोन्ही वेळा कॅमेऱ्याची चाचणी घ्यावी. पट्टे फिके झाले तरच उपाय लागू पडला. त्याची किंमतही आहे. करडेपणाच्या पायऱ्या कमी उरतात, त्यामुळे फोटोतला सावलीचा भाग गोळा होऊन एकसलग काळा दिसतो. मजकुराला याने काही बिघडत नाही. एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. ही सोय चालू राहिली आणि सकाळी उन्हात फोन उघडला, तर पडदा जवळपास कोरा दिसतो आणि ती बंद करायची कळही दिसत नाही. म्हणून पहिल्याच रात्री तिचा शॉर्टकट लावून घ्यावा: आयफोनवर बाजूचे बटण तीनदा दाबणे, अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणे एकत्र दाबून धरणे. मग न पाहता हाताने ती बंद करता येते.

ऑटो ब्राइटनेस रात्री बंद ठेवलेला बरा. उजेड मोजणारा सेन्सर फोनच्या वरच्या कडेला असतो. कुशीवर पडलेल्या माणसाच्या उशीची सावली, पांघरुणाची कड किंवा बोट त्याच्यावर आले की पान आपोआप वरखाली होते आणि डोळ्यांचा सराव मोडतो. अँड्रॉइड ९ पासून फोन वाचणाऱ्याने केलेले बदल लक्षात ठेवून शिकतो, त्यामुळे आठवडाभर हाताने दुरुस्त केल्यास काहींचे भागते. पण पडद्याखाली दडवलेले सेन्सर असलेल्या फोनांवर हा भरवसा कमी.

काळ्या पानावर पांढरी अक्षरे हा अनेकांचा पहिला उपाय असतो. तो सगळ्यांना मानवत नाही, त्याचे कारण बाहुलीत आहे. पान काळे झाले की एकूण उजेड घटतो, बाहुली मोठी होते आणि डोळ्यातले लहानसहान दोष उघडे पडतात. ज्यांना चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती धुके पसरलेले दिसते. जर्मनीत पीपेनब्रोक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांची तपासणी केली. दोघांनाही फिक्या पानावरची गडद अक्षरे अधिक स्वच्छ दिसली. देवनागरीत हा फरक आणखी जाणवतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला भेद एका लहानशा गाठीवर किंवा रेघेच्या तुटीवर उभा असतो. अक्षराभोवती धुके आले की ती गाठ भरून जाते. अनुस्वार तर निव्वळ ठिपका. तो सुटला की नाकात म्हणायचा शब्द दुसराच होतो. म्हणून मराठी वाचताना मंद केलेले, किंचित पिवळसर पान आणि त्यावर गडद अक्षरे हीच जोडी अधिक चांगली. काळे पानच आवडत असेल, तर पूर्ण काळ्याऐवजी गडद करडे निवडावे आणि अक्षरे पांढरीशुभ्र ठेवू नयेत. ओएलईडीवर पूर्ण काळे ठिपके बंद असतात. पान सरकवताना ते जागे व्हायला क्षणभर घेतात, म्हणून ओळींमागे जांभळट शेपूट दिसते. बोटाने सरकवण्याऐवजी टिचकीने पान उलटणारे ॲप वापरल्यास ती दिसत नाही.

उजेड घटला की नजरेची धारही घटते, त्यामुळे ब्राइटनेस उतरवताना अक्षर वाढवावेच लागते. ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये ते सोपे आहे: आकार दोन पायऱ्या वाढवावा आणि जमले तर ठसठशीत वळणाचा टाइप घ्यावा. मराठीत गैरसोय होते ती पीडीएफची. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती, व्हॉट्सॲपवर फिरणारे दिवाळी अंक हे सगळे पीडीएफमध्ये असते. त्यात पानाची मांडणी पक्की असते, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. इथे फोन आडवा धरल्यास अक्षर जवळपास दुप्पट होते आणि ओळही पूर्ण दिसते. स्कॅन केलेल्या प्रतीचे रंग उलटे मात्र करू नयेत, कारण पिवळ्या कागदावरचे डाग आणि पाठची उमटलेली शाई उलटल्यावर अक्षरांइतकीच उजळतात.

या सगळ्यात वयाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वाढत्या वयात बाहुली आकसते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. नातीला जो दोन निटांचा उजेड पुरून उरतो, त्यात आजोबांना अनुस्वार दिसणार नाही. त्यांनी पट्टी तळाला नेण्याचा अट्टहास करू नये. १०-१५ निट, मोठे अक्षर, फोन ३५-४० सेंटिमीटरवर आणि खोलीत पिवळसर झिरोचा दिवा, एवढी मांडणी त्यांना अधिक मानवते. दिव्यामुळे पडदा आणि भोवतालचा अंधार यांतली दरी कमी होते, म्हणून त्याच ब्राइटनेसचा पडदा कमी खुपतो. दिवा डोक्यामागे नसावा, नाहीतर त्याचे प्रतिबिंब फोनच्या काचेत नेमके ओळीवर येते. तो पायथ्याच्या बाजूला, वाचणाऱ्याच्या नजरेच्या रेषेखाली असावा. शेजारी झोपलेल्या माणसालाही पडद्याच्या झगझगीत चौकोनापेक्षा तो कमी जाचतो.